ह्युरॉन सरोवराची पातळी: उतार एकच, स्टँडर्ड एरर दोन. विश्वास कशावर ठेवायचा?

मृण्मयी_क

आरमध्ये `LakeHuron` नावाचा छोटा डेटासेट आयताच मिळतो. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ह्युरॉन सरोवराची १८७५ ते १९७२ या ९८ वर्षांची वार्षिक पातळी त्यात फुटांमध्ये दिली आहे. ऑफिसमध्ये नव्या मुलांना ट्रेंड कसा काढायचा हे दाखवण्यासाठी मी हाच डेटा घेतला आणि दोन प्रकारे रेषा बसवली.

```r
m <- lm(LakeHuron ~ time(LakeHuron))
summary(m)

arima(LakeHuron, order = c(2, 0, 0),
      xreg = time(LakeHuron) - 1920)
```

साध्या `lm` मध्ये उतार येतो वर्षाला −०.०२४२ फूट, स्टँडर्ड एरर ०.००४०. म्हणजे टी साधारण −६. पी-व्हॅल्यू इतकी बारीक की कुणी शंकाही घेणार नाही. `arima` मध्ये मागच्या दोन वर्षांचा परिणाम रेसिड्युअलमध्ये धरला, तर उतार येतो −०.०२१६ आणि स्टँडर्ड एरर ०.००८१. टी −२.७ च्या आसपास.

उतारात फारसा फरक नाही. स्टँडर्ड एरर मात्र थेट दुप्पट. डेटा तोच, रेषा जवळजवळ तीच, मग अनिश्चितता दुप्पट कशी झाली? `lm` चे रेसिड्युअल काढून बघितले तर ते वर्षागणिक वर-खाली उड्या मारत नाहीत, घोळक्याने फिरतात. १९५२ च्या आसपासचे सगळे रेषेच्या वर, १९६४ च्या आसपासचे सगळे खाली. डर्बिन-वॉटसनचा आकडा अर्ध्याच्याही खाली आहे, जो दोनच्या जवळ असायला हवा. ऑटोकोरिलेशन आहे हे मला कळतंय. पण त्यामुळे स्टँडर्ड एररचं नेमकं काय बिघडतं, हे मुलांना सूत्र न फेकता कसं सांगू?

---

श्रीरंग_सिन्नर

आमचं काम विहिरींच्या पाण्याचं, म्हणून लिहितो. १८७५ साली पातळी मोजायला कसली साधनं होती? लाटा, वारा, खांबावरची खूण, वाचणारा माणूस. जुन्या नोंदींत दोन-चार इंचांची चूक सहज असणार. दुसऱ्या पद्धतीने ती चूक हिशेबात घेतली असेल म्हणून एरर वाढली. आम्ही सुद्धा टेप ओली झाली की वाचन पुन्हा घेतो.

---

निखिल_डेटा

श्रीरंगदादा, इथला स्टँडर्ड एरर म्हणजे मोजमापातली चूक नव्हे. अशीच ९८ वर्षं पुन्हा नव्याने घडली असती, तर काढलेला उतार किती हलला असता, त्याचा तो अंदाज आहे. पाणी अगदी अचूक मोजलं तरी तो शून्य होत नाही.

मृण्मयी, उत्तर सोपं आहे. ऑटोकोरिलेशनने उतार बायस्ड होत नाही, फक्त स्टँडर्ड एरर चुकतो. त्यामुळे `lm` चा उतार तसाच ठेव आणि रोबस्ट स्टँडर्ड एरर लाव. `vcovHC` एका ओळीत काम करतं. आणि आकडे कमी पडत असतील तर वार्षिक सोडून मासिक पातळी घे. ९८ च्या जागी ११७६ नोंदी होतील, स्टँडर्ड एरर आपोआप खाली येईल. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

---

वसुधा

निखिल, तुमचं पहिलं वाक्य इथे लागू आहे, कारण एक्सच्या जागी फक्त कॅलेंडर आहे. (एक्समध्ये वायचंच मागच्या वर्षाचं मूल्य घातलं असतं तर तेही टिकलं नसतं.) पुढचे दोन्ही सल्ले मात्र इथे उपयोगाचे नाहीत. मासिक नोंदींवर नंतर येते, आधी मृण्मयीच्या प्रश्नाकडे.

`lm` तो ०.००४० कुठून आणतं ते हाताने करून बघा. रेसिड्युअलचं प्रमाण विचलन आहे १.१३ फूट. प्रत्येक वर्षाचं मधल्या वर्षापासूनचं अंतर घ्या, वर्ग करा, बेरीज करा. ९८ वर्षांसाठी ती ७८,४२४.५ येते आणि तिचं वर्गमूळ २८०. १.१३ भागिले २८० म्हणजे ०.००४०. संपलं. या हिशेबात रेसिड्युअल कोणत्या क्रमाने आले हे कुठेच विचारलेलं नाही. तेच ९८ रेसिड्युअल पत्त्यांसारखे पिसून पुन्हा रेषेवर मांडले असते, तरी भागाकार जवळपास हाच आला असता. घोळके दिसतात ते क्रमामुळे, आणि `lm` नेमका क्रमच बघत नाही.

आता खरा हिशेब काय असायला हवा? उतार म्हणजे प्रत्येक वर्षाच्या पातळीला त्या वर्षाच्या मध्यापासूनच्या अंतराचं वजन देऊन केलेली बेरीज. अशा बेरजेचं व्हेरिअन्स काढताना प्रत्येक वर्षाची प्रत्येक वर्षाशी जोडी लागते. ९८ गुणिले ९८, म्हणजे ९६०४ जोड्या. त्यातल्या ९८ जोड्या स्वतःशीच आहेत. `lm` तेवढ्याच धरतं आणि उरलेल्या ९५०६ शून्य मानतं, कारण वेगवेगळ्या वर्षांचे रेसिड्युअल एकमेकांशी संबंधित नाहीत असं त्याने गृहीत धरलेलं असतं.

ह्युरॉनमध्ये ते शून्य नाहीत. १९६३ आणि १९६४ ची जोडी घ्या. दोन्ही वर्षं मध्यापासून चाळीस वर्षं पुढे, म्हणून दोघांची वजनं एकाच चिन्हाची आणि गुणाकार मोठा. रेसिड्युअलही दोघांचे रेषेच्या खाली. म्हणजे या जोडीची भर धन आणि घसघशीत. जवळजवळच्या सगळ्या जोड्यांचं हेच होतं. `lm` ने गाळलेल्या रकमा एकमेकींना काटत नाहीत, सगळ्या एकाच बाजूला साचतात.

मुलांना सांगताना मी असं म्हणते: गावाचं मत हवं असेल तर एकाच घरातल्या दहा जणांना विचारून दहा मतं मोजू नका. १९६२, ६३, ६४, ६५ ही चार वर्षं बऱ्याच अंशी एकच मत देत आहेत.

---

मृण्मयी_क

९६०४ पैकी ९८! हे मुलांना फळ्यावर चौकट काढून दाखवता येईल, कर्णावरचे चौकोन रंगवले की झालं.

पण मग ९८ वर्षांची खरी किंमत किती वर्षांएवढी, याचा अंदाज काढता येईल का?

---

वसुधा

ढोबळ काढता येतो. रेसिड्युअल फक्त मागच्या एका वर्षावर अवलंबून आहेत असं धरलं, तर ह्युरॉनसाठी तो गुणक साधारण ०.७९ येतो. मग व्हेरिअन्स (१ + ०.७९) भागिले (१ − ०.७९) इतक्या पटीने, म्हणजे साडेआठ पटीने फुगतं. ९८ भागिले साडेआठ म्हणजे साधारण साडेअकरा. ९८ वर्षांत साडेअकरा स्वतंत्र वर्षांएवढी माहिती. स्टँडर्ड एरर साडेआठच्या वर्गमुळाने वाढेल, म्हणजे २.९ पट, ०.००४० चा ०.०११८ होईल. टी उरेल दोनच्या आसपास.

तुमच्या `arima` ने मात्र ०.००८१ दिला, ०.०११८ नाही. याचं कारण त्यात दुसऱ्या वर्षाचा गुणकही आहे आणि तो ऋण आहे: पहिला १.००४८, दुसरा −०.२९१३. शेजारच्या वर्षाशी संबंध दोन्हींत जवळपास तेवढाच, पण ऋण गुणकामुळे तो पुढे लवकर विरतो. सहा-सात वर्षांनी तर काही उरत नाही. हे दोन गुणक धरून फुगवटा काढला तर ४.४ पट येतो, त्याचं वर्गमूळ २.१, आणि ०.००४० गुणिले २.१ म्हणजे ०.००८४ च्या जवळ. मशीनने दिलेल्या ०.००८१ च्या शेजारीच. माहिती साडेअकराऐवजी बावीस वर्षांएवढी झाली.

मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑटोकोरिलेशन आहे एवढं ओळखून भागत नाही. ते किती लांब पोचतं, यावर स्टँडर्ड एरर ठरतो. शेजारच्या वर्षाशी असलेला संबंध दोन्ही मॉडेलमध्ये सारखाच, आणि तरी माहितीचा अंदाज दुपटीने बदलला.

आता मासिक नोंदी. निखिल, सरोवर महिन्याभरात फारसं हलत नाही. वर्षाला ०.७९ म्हणजे महिन्याला त्याचं बारावं मूळ, साधारण ०.९८. हंगामी चढउतार बाजूला ठेवून तोच हिशेब करा. फुगवटा येतो शंभर पटीच्या थोडा वर. ११७६ भागिले ते पुन्हा साडेअकराच. नोंदी बारा पट झाल्या, माहिती होती तेवढीच राहिली. `lm` मात्र ११७६ आकडे स्वतंत्र समजेल आणि आणखी साडेतीन पट खोटा आत्मविश्वास दाखवेल. रोजची पातळी घेतली तर त्याहून जास्त.

---

निखिल_डेटा

मासिकचा मुद्दा मान्य. गुणाकार करून पाहिला, खरंच तेच उत्तर येतं.

पण रोबस्ट का नको? नावच रोबस्ट आहे, आणि आमच्या टीममध्ये सगळीकडे तेच वापरतात. विक्रीच्या साप्ताहिक डेटावर जाहिरातीचा परिणाम काढतो तेव्हा `vcovHC` लावतो. साध्या स्टँडर्ड एररपेक्षा फारसा फरक कधी पडलेला नाही. म्हणजे आमच्याकडे ऑटोकोरिलेशनचा त्रास नसणार.

---

वसुधा

फरक पडला नाही, यावरून ऑटोकोरिलेशन नाही असं म्हणता येत नाही, कारण `vcovHC` ते तपासतच नाही. ते त्याच ९८ कर्णावरच्या जोड्या घेतं. फक्त प्रत्येक वर्षाचा पसारा वेगळा असू शकतो एवढं मान्य करतं. कर्णाबाहेरच्या ९५०६ जोड्या त्यातही शून्यच.

त्या जोड्या धरायच्या तर न्यूई आणि वेस्ट यांची १९८७ ची पद्धत आहे.

```r
library(sandwich); library(lmtest)
coeftest(m, vcov = NeweyWest(m, lag = 10, prewhite = FALSE))
```

यात `lag` किती घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. बऱ्याच ठिकाणी चालतो त्या ठोकताळ्याने ९८ नोंदींना ३ येतो. ही पद्धत दूरच्या जोड्यांना कमी-कमी वजन देत जाते. ३ घेतला तर पहिल्या शेजाऱ्याला पाऊण, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला पाव, पुढे काही नाही. `arima` च्या दोन गुणकांवरून हिशेब मांडला तर फुगवटा ४.४ ऐवजी २.८ च येतो आणि स्टँडर्ड एरर ०.००६७ च्या आसपास अडकतो. `lag` १० केला की ०.००७९ पर्यंत चढतो. हे मी कागदावर काढलेले आकडे आहेत. प्रत्यक्ष रेसिड्युअलवर चालवलं की थोडे आणखी खाली येण्याकडे कल असतो, कारण रेषा आधीच डेटाला चिकटवलेली असते. त्यामुळे न्यूई-वेस्ट लावलं की सुटलो, असं नाही. छोट्या मालिकेत ते बहुतेक वेळा कमीच सांगतं.

तुमच्या जाहिरातीबद्दल विचारते: जाहिरात कधी चालू, कधी बंद, हे कसं ठरतं?

---

निखिल_डेटा

दोन प्रकार आहेत. काही शहरांत आठवडा-आठवडा चिठ्ठी टाकल्यासारखं, मुद्दाम यादृच्छिक. बाकी शहरांत दिवाळीच्या आधी सलग दोन महिने चालू, मग बंद.

---

वसुधा

मग पहिल्या प्रकारात तुम्ही बरेचसे सुरक्षित आहात आणि दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे रेसिड्युअल तेवढेच चिकट असले तरी.

त्या जोड्या पुन्हा आठवा. प्रत्येक जोडीत दोन गुणाकार आहेत, एक रेसिड्युअलचा आणि एक एक्सचा. जाहिरात चिठ्ठीने ठरत असेल तर शेजारच्या दोन आठवड्यांच्या एक्सचा गुणाकार कधी धन, कधी ऋण. रेसिड्युअलचे गुणाकार सगळे धन असले तरी बेरजेत एक्स त्यांना काटून टाकतो. सलग दोन महिन्यांच्या जाहिरातीत एक्सही चिकट, मग काहीच कटत नाही. अगदी ढोबळ सूत्रात फुगवट्यात रेसिड्युअलचा गुणक एकटा येत नाही, एक्सच्या गुणकाशी गुणून येतो. एक्सचा शून्य असेल तर फुगवटा एक, म्हणजे नाहीच.

वेळेवर बसवलेली सरळ रेषा हे यातलं सगळ्यात वाईट टोक. कॅलेंडरइतका चिकट एक्स दुसरा नाही. आधी-नंतर अशा तुलनांचंही तेच, कारण एक्स तिथे एकदाच बदलतो.

---

श्रीरंग_सिन्नर

ताई, हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमच्या गावात पाणलोटाची कामं झाली. आधीपासून काही विहिरींची पातळी दर आठवड्याला आम्ही गावकरीच टेप सोडून मोजत आलोय. काम व्हायच्या आधीचे आठवडे आणि नंतरचे आठवडे, पाऊसही एक्समध्ये घातला. एका ओळखीच्या मुलाने रिग्रेशन करून दिलं. कामाचा परिणाम दिसतो आणि पी-व्हॅल्यू शून्याला टेकलेली आहे. ग्रामसभेत तोच कागद दाखवला. त्याने रेसिड्युअलचा आलेख काढला नव्हता. आता सांगा, आमचा कागद खोटा का?

---

वसुधा

श्रीरंगभाऊ, खोटा नाही. त्यातला परिणामाचा आकडा हा तुमच्याकडचा सध्याचा चांगला अंदाज असू शकतो. त्याच्या शेजारी छापलेली खात्री मात्र तुमच्या नोंदींनी कमावलेली नाही. विहिरीची पातळी या आठवड्यात खाली असेल तर पुढच्या आठवड्यातही खालीच असणार. भूजल आठवड्यात विसरत नाही. दर आठवड्याला मोजलं म्हणून नोंदी खूप झाल्या, पण कामाआधीचे पावसाळे किती आणि नंतरचे किती? माहितीचा आकार त्याच्या जवळपास जाईल, आठवड्यांच्या जवळपास नाही.

आणखी एक प्रश्न तुमच्यासाठीच. जवळपास अशा विहिरी आहेत का, जिथे काम झालं नाही पण तुम्ही तशाच मोजता? असतील तर दर आठवड्याला दोन्हींतला फरक काढा आणि त्या फरकावर रिग्रेशन करा. दोन्हीकडे सारखाच पडलेला पाऊस, सारखाच उपसा, हे बरंचसं फरकातून निघून जातं, आणि चिकटपणाही कमी होतो. पूर्ण जात नाही. भूजल सर्वेक्षण विभागही निरीक्षण विहिरी मोजतो, त्यातली एखादी जवळ असली तर तिचाही उपयोग होईल. पण त्यांच्या नोंदी वर्षातून मोजक्याच वेळा असतात, साप्ताहिक जुळणार नाहीत.

---

श्रीरंग_सिन्नर

ओढ्याच्या पलीकडच्या दोन मोजतो आम्ही, पण त्या उथळ आहेत आणि तिकडे कांदा जास्त, आमच्याकडे द्राक्षं. उपसा सारखा म्हणवत नाही. तरी वही काढून बघतो.

---

प्राची_अर्थ

उशिरा येतेय. चर्चा छान चाललीय, पण एका गोष्टीवर मला थेट वाद घालायचा आहे. ०.७९ किंवा पहिला गुणक १.००४८, हे आकडे बघून माझ्या विषयातले लोक आधी विचारतील की ही मालिका भटकी तर नाही? म्हणजे पातळी कुठल्याच रेषेकडे परत येत नाही, दरवर्षी आदल्या वर्षावर थोडी भर किंवा घट पडते, एवढंच. तसं असेल तर `arima` चा ०.००८१ सुद्धा फसवा आहे.

यूलने १९२६ मध्ये दाखवलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६६ ते १९११ मधल्या इंग्लंडातल्या मृत्युदराचा आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने झालेल्या लग्नांच्या प्रमाणाचा सहसंबंध ०.९५ येतो. दोन्ही मालिका आपापल्या वाटेने सरकत होत्या. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये भटक्या मालिकांच्या जोड्या कृत्रिम बनवून तेच दाखवलं.

म्हणून मी फरकांवर काम करीन. दरवर्षीचा बदल घ्यायचा आणि त्याची सरासरी हाच ट्रेंड. ह्युरॉनमध्ये १८७५ ची पातळी ५८०.३८, १९७२ ची ५७९.९६. सरासरी बदल वर्षाला −०.००४३ फूट. आणि तिचा स्टँडर्ड एरर त्याच्या कितीतरी पट मोठा. ट्रेंड नाही. विषय संपला.

---

वसुधा

प्राची, शंका रास्त आहे, पण उपायाकडे जरा जवळून बघा. फरकांची सरासरी काढली की मधली सगळी वर्षं आपोआप कटतात. उरतात फक्त पहिलं आणि शेवटचं. तुमच्या −०.००४३ मध्ये ९६ वर्षांच्या पातळीचा काहीही हात नाही. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पातळी ५८१.८६ होती, या मालिकेतली सगळ्यात उंच. डेटा १८७६ पासून सुरू झाला असता तर तुमचा ट्रेंड साडेचार पट झाला असता. मालिका खरंच भटकी असेल तर हेच योग्य, कारण मग मधल्या वर्षांकडे सांगण्यासारखं काही नसतंच. पण ती भटकी नसेल तर तुम्ही हातातली माहिती टाकून दिली.

आणि मला ती भटकी वाटत नाही, याचं कारण पाण्यात आहे. सरोवर भरलं की बाहेर जाणारी नदी जास्त वाहते, उतरलं की कमी. वर गेलेली पातळी खाली ओढणारी ताकद तिथे कायम हजर आहे. शेअरच्या भावाला अशी ओढ नसते.

पण साध्या `lm` वर विसंबू नये, यावर आपलं दोघींचं एकमत आहे. मृण्मयी, मुलांना हे चालवायला सांगा. यात ट्रेंड मुळीच नाही, नुसता ०.७९ चा चिकटपणा आहे.

```r
t <- 1:98
p <- replicate(2000, {
  e <- arima.sim(list(ar = 0.79), n = 98)
  summary(lm(e ~ t))$coefficients[2, 4]
})
mean(p < 0.05)
```

शंभरात पाच वेळा खोटा ट्रेंड दिसायला हवा. जवळपास निम्म्या वेळा दिसेल.

---

मृण्मयी_क

चालवलं. निम्म्याच्या आसपासच आलं. मग ०.७९ च्या जागी ०.३ टाकून पाहिलं, तर खोट्या ट्रेंडचं प्रमाण बरंच खाली येतं, पण पाचाच्या दुपटीहून जास्तच राहतं. थोडासा चिकटपणाही फुकट जात नाही तर.

---

मिशिगनकर

मी गेली बरीच वर्षं या सरोवराच्या दक्षिण टोकापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर राहतो. सांख्यिकी माझा प्रांत नाही, पण वसुधाताईंनी लिहिलेल्या त्या बाहेर जाणाऱ्या नदीबद्दल सांगायला हवं.

ती सेंट क्लेअर नदी. पोर्ट ह्युरॉनला ब्लू वॉटर ब्रिजखाली सुरू होते. मोठी जहाजं जावीत म्हणून तिचा तळ वेळोवेळी खोल केला गेला. १९३० च्या दशकात एकदा, आणि १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा, तेव्हा जहाजांसाठी २७ फूट खोलीचा मार्ग झाला. तळ खोल केला की त्याच पातळीला जास्त पाणी बाहेर जातं आणि सरोवर कायमचं थोडं उतरतं. म्हणजे उतार असेल तर तो दरवर्षी सारखा झिरपणारा नाही, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. मग सरळ रेषा कशाला?

आणि तुमचा डेटा १९७२ ला थांबतो. त्यानंतर पाणी वरखाली होत १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये विक्रमी उंचीवर पोचलं. किनाऱ्यावरच्या घरांचं त्या काळात झालेलं नुकसान इथले म्हातारे अजून सांगतात. मग २०१३ च्या जानेवारीत विक्रमी नीचांक, आणि २०२० मध्ये परत पाणी रस्त्याला लागलेलं. मिशिगन सरोवरही याच पातळीला असतं, मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने दोन्ही जोडलेली आहेत, म्हणून हा सगळा मोठा पसारा एकत्रच वरखाली होतो.

---

निखिल_डेटा

१९८६ ला `lm` ची रेषा वाढवली तर ५७७.५ फूट येतात. १.१३ चा पसारा दोन्ही बाजूंना दुप्पट धरला तरी ५८० च्या आत. विक्रमी उंची तर त्याच्या बाहेरच असणार?

---

मिशिगनकर

हो, त्या ऑक्टोबरची सरासरी ५८२ च्या वर होती. फक्त तो एका महिन्याचा आकडा आहे, तुमचे वार्षिक. आणि मधल्या काळात उंची मोजण्याचा संदर्भ बदलला, त्यामुळे जुने आणि नवे फूट थेट जोडू नका. काही इंच इकडेतिकडे होतात.

---

वसुधा

मिशिगनकर, पायऱ्यांचा मुद्दा फार मोलाचा. खऱ्या पायरीवर सरळ रेषा बसवली की पायरीच्या अलीकडचे रेसिड्युअल एका बाजूला आणि पलीकडचे दुसऱ्या बाजूला साचतात. ते ऑटोकोरिलेशनसारखंच दिसतं. डर्बिन-वॉटसनचा आकडा सांगत नाही की हा सरोवराचा स्वतःचा चिकटपणा आहे, गाळलेल्या पावसाचा आणि बाष्पीभवनाचा माग आहे, की चुकीच्या आकाराच्या रेषेचा. पहिल्या प्रकारात `arima` चा स्टँडर्ड एरर अर्थपूर्ण आहे. तिसऱ्यात आपण चुकीच्या प्रश्नाच्या उत्तराला योग्य रुंदीची पट्टी लावत बसलो आहोत.

---

प्राची_अर्थ

म्हणजे माझ्या बाजूलाच आलात. १९७२ नंतर रेषा टिकली नाही, −२.७ चा टी सुद्धा जास्तच ठरला.

---

वसुधा

पूर्ण नाही. भटकी मालिका असती तर दीडशे वर्षांत ती कुठेही गेली असती. ही मात्र सगळे विक्रम धरूनही साधारण सहा-सात फुटांच्या पट्ट्यात आहे. मला वाटतं ओढ खरी आहे, पण ती आपण धरली त्याहून सैल आहे. दोन वर्षांच्या गुणकांनी न दिसणारी, दहा-वीस वर्षांची संथ लाट त्यात असावी. ९८ वर्षांत अशी लाट जेमतेम काही वेळा येते, म्हणून तिची ताकद या डेटातून नीट मोजता येणार नाही. त्यामुळे ०.००८१ ला मी किमान आकडा म्हणेन, खरा त्याहून मोठाच असणार. किती मोठा, हे मला या ९८ आकड्यांवरून काढता येत नाही.

---

प्राची_अर्थ

सहा-सात फुटांच्या पट्ट्याचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. वर्षाचा बदल साधारण पाऊण फूट धरला तर भटकी मालिका दीडशे वर्षांत नऊ-दहा फूट जाते, पण सहा-सातमध्ये राहिली तर ते अशक्य नाही. पाण्याच्या ओढीचा मुद्दा जास्त पटतो. आजपर्यंतच्या वार्षिक पातळ्या एकाच संदर्भ-उंचीत मिळाल्या तर पुन्हा करून बघायला हवं. मिशिगनकर, तिकडून मिळतील का?

---

मिशिगनकर

जाहीर असतात, अमेरिकेच्या आर्मी कोअरकडे १९१८ पासूनच्या मासिक सरासऱ्या आहेत. त्याआधीचं जोडायचं तर संदर्भ-उंची तपासावी लागेल. शनिवारी बसून फाइल करतो.

---

मृण्मयी_क

फाइल आली की १९३७ आणि १९६२ ला पायरी घालून एक, आणि सरळ रेषेचं एक, अशी दोन्ही मॉडेल एआर(२) रेसिड्युअलसह चालवते. पायरीची वर्षं नदी खोल केल्याच्या माहितीवरून आधीच ठरवली आहेत, आलेख बघून निवडलेली नाहीत, हे इथे लिहून ठेवते.

---

श्रीरंग_सिन्नर

वही काढली. ओढ्यापलीकडच्या विहिरींचे मधले काही आठवडे कोरे आहेत, लग्नसराईत कुणी गेलं नव्हतं. फरक काढताना ते आठवडे सोडून द्यायचे की दोन्ही बाजूंचा सरासरी आकडा भरायचा?

---

वसुधा

भरू नका, कोरेच ठेवा. मधला आकडा सरासरीने भरला की तो दोन्ही शेजाऱ्यांची नक्कल होतो आणि चिकटपणा तुम्ही स्वतःच वाढवता. `arima` ला कोरी जागा `NA` म्हणून चालते, ओळ मात्र काढून टाकू नका, नाहीतर आठवड्यांचं अंतर चुकेल.